दिव्यातलं तेल आणि अठ्ठेचाळीस मिनिटं

ट्रॉय आणि आसपासच्या गावांतल्या आम्हा जैन मंडळींचा एक छोटा स्वाध्याय गट आहे. देऊळ फार्मिंग्टन हिल्सला, गाडीनं अर्ध्या तासावर, त्यामुळे एरवी आम्ही कुणाच्या तरी घरीच जमतो. यंदा पर्युषणाच्या आधी गटातल्या एका अभ्यासू मित्रानं मांडलेलं म्हणणं माझ्या मनातून जात नाही. ते असं: सामायिक म्हणजे आज जग ज्याला माइंडफुलनेस म्हणतं तेच. मन जागेवर असणं महत्त्वाचं. तेव्हा ४८ मिनिटं चुळबुळत बसण्यापेक्षा १२ मिनिटं एकाग्र बसावं, आणि तेही जमत नसेल तर ऑफिसला जाताना गाडीत सामायिक पाठ लावून शांतपणे ऐकावा. गटातल्या तरुणांना हे फार पटलं. मला ते मुळातच चुकीचं वाटतं, आणि का ते सविस्तर सांगायला हवं.

आधी माणूस सामायिकात प्रत्यक्ष काय करतो ते पाहू. मी सांगली भागातला, दिगंबर घरातला. आमच्याकडे पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून उभं राहतात. दोन्ही पावलांत चार बोटांचं अंतर, हात सरळ खाली सोडलेले. त्या कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा, एका मंत्राला तीन श्वास, म्हणजे एकूण २७ श्वास. मग चारही दिशांना वळून प्रत्येक दिशेला तीन आवर्त आणि एक शिरोनती करायची. जोडलेले हात डावीकडून उजवीकडे तीनदा फिरवून मस्तक लववायचं. त्यानंतर बैठक: पद्मासन किंवा अर्धपद्मासन, डाव्या तळहातावर उजवा तळहात, नजर नाकाच्या शेंड्याकडे. मग सामायिक पाठ, जप, चिंतन, आणि शेवटी पुन्हा कायोत्सर्ग. आमचे श्वेतांबर शेजारी लोकरीचं कटासणं अंथरून बसतात. जवळ चरवळा, हातात मुहपत्ती. येताजाताना चिरडल्या गेलेल्या जिवांची क्षमा आधी मागतात, गुरूची परवानगी घेतात आणि मग ‘करेमि भंते’ म्हणून प्रतिज्ञा करतात. स्थानकवासी मुहपत्ती तोंडावर बांधतात. बाहेरची रीत वेगवेगळी असली, तरी ‘मी आता काही काळ सावद्य कर्म सोडतो’ हे कबूल केल्याखेरीज कुणाचंच सामायिक सुरू होत नाही. सावद्य म्हणजे ज्यात जिवांची हिंसा आणि इतर पाप आहे ते काम.

मित्राच्या मांडणीतून नेमकी ही कबुलीच गळून पडली आहे. सामायिक हे व्रत आहे. श्रावकाच्या १२ व्रतांत त्याचा क्रमांक नववा, चार शिक्षाव्रतांत पहिला. व्रतात काय सोडलं आणि कितपत सोडलं, हे मोजून सांगता यावं लागतं. साधू जन्मभरासाठी नऊ कोटींनी सोडतो. मन, वाणी आणि काया या तिन्हींनी स्वतः करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही आणि कुणी करत असेल तर अनुमोदन द्यायचं नाही. श्वेतांबर परंपरेत गृहस्थाची प्रतिज्ञा सहा कोटींची असते: करायचं नाही, करवायचं नाही. अनुमोदनेचा त्याग तिच्यात नाही. आमचे समंतभद्र ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त पाचही पापांचा पूर्ण त्याग सांगतात. मी त्यांच्या परंपरेत वाढलो, तरी इथे मला सहा कोटींची मांडणी गृहस्थाच्या स्थितीला अधिक धरून वाटते.

त्याचं कारण माझ्या स्वयंपाकघरात दिसतं. समजा, सकाळी सहाला मी बसलो. बसण्याआधी डिशवॉशर चालू केला होता. तो चालूच आहे, गरम पाणी फिरतं आहे, आणि तो मी माझ्या सोयीसाठी लावलेला आहे. बँकेत व्याज जमतं आहे, ऑफिसच्या सर्व्हरवर रात्री लावलेलं काम सुरू आहे. हे सगळं माझ्या संमतीनं चाललं आहे आणि ४८ मिनिटांनी मी त्याचा लाभ घेणार आहे. ही संमती मी मागे घेतली असं म्हणणं खोटं ठरेल. गृहस्थाला अनुमोदनेची मोकळीक दिली ती याच जाणिवेनं, अशी माझी समजूत आहे. आता समजा, शेगडीवर दूध ठेवलेलं आहे आणि ते वर येतं आहे. उठून गॅस बंद केला, तर कायेनं केलं. ‘अगं, दूध बघ’ म्हणालो, तर वाणीनं करवलं. काही न बोलता शेगडीकडे बोट दाखवलं, तर कायेनं करवलं. बायकोनं आपणहून येऊन गॅस बंद केला आणि मला बरं वाटलं, तर ती अनुमोदना. अनुमोदनेनं गृहस्थाचं व्रत मोडत नाही. म्हणून जाणती माणसं बसण्याआधी शेगडी बघतात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवतात आणि घरच्यांना सांगून बसतात. सामायिकाचं निम्मं काम आसनावर बसण्याआधी होतं.

मग चित्ताचं काय? मित्राचा सगळा भर त्याच्यावर आहे. मन भरकटतं, मग पाऊण तास बसून उपयोग काय, असं तो विचारतो. हा प्रश्न परंपरेला नवा नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या नवव्या अध्यायात ध्यानाची व्याख्या आहे: चित्त एका विषयावर रोखणं. तिथेच त्याची मर्यादाही दिली आहे. ज्याच्या शरीराचा बांधा उत्तम, त्यालाही ते अंतर्मुहूर्तच साधतं. मुहूर्त म्हणजे दोन घटिका, ४८ मिनिटं. अंतर्मुहूर्त म्हणजे त्याच्या आतला काळ. शास्त्र सांगतं की उत्तमातल्या उत्तम माणसाची एकाग्रता ४८ मिनिटं पुरत नाही, आणि तीच परंपरा गृहस्थाला पूर्ण मुहूर्त बसवते. यावरून मी असं समजतो की सामायिकाची इमारत एकाग्रतेवर उभी केलेलीच नाही. एकाग्रता तुटणार हे धरूनच तो काळ ठरला आहे. ती तुटल्यावरही प्रतिज्ञा टिकते. मन ऑफिसात गेलं, तरी हात जागेवर राहतात, तोंड बंद राहतं, आणि मनाला परत आणायला जागा उरते.

याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सामायिकाचे पाच अतिचार येतात. मन, वाणी आणि काया भलतीकडे वळणं हे पहिले तीन. चौथा अनादर, म्हणजे कसंबसं उरकणं. पाचवा विसर: आपण सामायिकात आहोत हेच लक्षात न राहणं. अतिचार म्हणजे व्रताला लागलेला डाग. त्यानं व्रत नाहीसं होत नाही. मन भरकटणं हा डागांपैकी एक आहे. मित्र मात्र त्यालाच सर्वनाश समजून काळ कापायला निघाला आहे.

इथवर मी निश्चिंत होतो. पण ४८ या आकड्याचा आधार शोधायला बसलो तेव्हा अडचण उभी राहिली. गृहस्थाच्या ‘करेमि भंते’च्या पाठात मुहूर्ताचा उल्लेख नाही. घेतलेला नियम असेपर्यंत, एवढंच त्यात आहे. समंतभद्रांकडे गेलो तर ते काळाचं माप घड्याळानं सांगतच नाहीत. केसांची गाठ, वळलेली मूठ, वस्त्राची गाठ, घातलेलं आसन किंवा उभं राहणं यांतून सामायिकाचा काळ ओळखावा, असं ते म्हणतात. गाठ सुटेपर्यंत काळ चालू. मला हे फार आवडलं, कारण काळाची हद्द शरीरावरच बांधलेली आहे. पण मग मित्राच्या बाजूला बळ येतं. गाठ मी बांधली, तर बाराव्या मिनिटाला सोडायलाही मी मोकळा आहे. काही दिवस मी आकड्याचा आग्रह सोडून दिला होता. काळ कितीही असो, तो आधी बांधलेला असला म्हणजे झालं, असं मला वाटू लागलं होतं.

हेमचंद्राचार्यांनी मला तिथून परत आणलं. १२व्या शतकातल्या त्यांच्या ‘योगशास्त्रा’त सामायिकाच्या व्याख्येत मुहूर्ताचं माप येतं: आर्त आणि रौद्र ध्यान सोडून, सावद्य कर्म सोडून मुहूर्तभर राखलेली समता. आणि लगेच पुढे ते दृष्टांत देतात चंद्रावतंसक राजाचा.

राजा रात्री आपल्या महालात कायोत्सर्गात उभा राहिला. हा दिवा जळतो तोवर हलायचं नाही, असा त्यानं मनाशी नियम केला. एका पहराचं तेल संपत आलं. दासीला वाटलं, महाराज अंधारात उभे राहतील, म्हणून तिनं तेल घातलं. पुढच्या पहराला पुन्हा घातलं, आणि त्यापुढेही. राजा बोलला नाही, हलला नाही. पहाटेपर्यंत उभं राहून त्यानं प्राण सोडला. हेमचंद्र ही कथा राजाच्या स्थैर्यासाठी सांगतात, आणि ते स्थैर्य आहेच.

मला मात्र त्या दासीचा विचार सोडवत नाही. ती सेवा करत होती आणि तिच्या सेवेनंच धनी गेला. राजाला ते सांगता येत नव्हतं. ‘तेल घालू नकोस’ म्हणणं ही आज्ञाच झाली असती. त्याच्या व्रतात खोट नव्हती, मापात होती. काळ त्यानं अशा वस्तूला बांधला, जिची वात दुसऱ्याच्या हातात होती आणि जिचा अर्थ त्या दुसऱ्याला ठाऊक नव्हता. समंतभद्रांच्या गाठीत उलटा धोका आहे: ती पूर्णपणे माझ्याच हातात आहे. नको वाटलं की सुटते. मुहूर्त या दोन्हींच्या पलीकडचा आहे. तो दासी लांबवू शकत नाही आणि मी तोडू शकत नाही. शिवाय तो घरात सगळ्यांना माहीत असतो. माझ्या मुलाला ठाऊक आहे की बाबा पाऊण तासानं उठतील, त्याआधी हाक मारायची नाही. रोज मी माझ्या सोयीनं वेगळा काळ ठरवला, तर त्यानं तेल कधी घालावं आणि कधी नाही, हे त्याला कसं कळावं? ४८चा आग्रह मी पुन्हा धरला तो यासाठी.

ट्रॉयमध्ये हा आग्रह जड जातो, हे मान्य. आमच्याकडे सामायिकाच्या वेळा संधिकाळाच्या. इथे डिसेंबरअखेरीस सूर्य आठच्या सुमारास उगवतो, तेव्हा माणूस ऑफिसच्या रस्त्यावर असतो. जूनमध्ये तो सव्वानऊला मावळतो, तेव्हा मुलांना झोपवायचं असतं. हिवाळ्यात मी अंधारातच, सहाला बसतो. संध्याकाळचं सामायिक उन्हाळ्यात मला आठवड्यातून फार थोड्या वेळा जमतं. वेळ हलवली तरी प्रतिज्ञा आणि काळ अखंड राहतात, म्हणून ती तडजोड मी स्वीकारतो.

गाडीतल्या सामायिकाला मात्र जागा नाही. आय-७५ वर स्टिअरिंग धरलेला माणूस इंधन जाळतो आहे, लेन बदलतो आहे, ब्रेक मारतो आहे. कायेनं करायचं नाही ही पहिलीच कोटी तिथे उभी राहत नाही. पाठ ऐकावा, जरूर ऐकावा. तो स्वाध्याय आहे आणि स्वाध्यायाला आमच्याकडे मान आहे.

आणि ज्याच्याकडे खरंच १२ मिनिटं आहेत, त्याच्यासाठी परंपरेत स्वतंत्र सोय आहे. गाडी लावून उतरावं, घरात येऊन पावलांत चार बोटांचं अंतर ठेवून उभं राहावं आणि २७ श्वासांत नऊ णमोकार म्हणावेत. तो कायोत्सर्ग आहे. लहान आहे, पण त्याचं नाव आणि माप ठरलेलं आहे. पुढच्या बैठकीत मी मित्राला हेच सुचवणार आहे. तरुणांना त्यानं हा कायोत्सर्ग शिकवावा, आणि रविवारी सकाळी, शेगडी बंद करून आणि फोन बाहेर ठेवून, त्यांच्यासोबत एक पूर्ण सामायिक करावं.