थोडेच हाती लागले, तेव्हा

अनुवाद करताना एक जुनी पंचाईत वारंवार भेटते. मूळ वाक्य मोघम असेल, तर ते अनुवादात स्पष्ट करायचे की मोघमच ठेवायचे? पीएचडीच्या सहामाही प्रगती अहवालांवर भाषिक हात फिरवून देण्याचे काम माझ्याकडे अधूनमधून येते, तेव्हा हीच पंचाईत उलट्या बाजूने समोर उभी राहते. तिथे जे घडले ते संशोधकाला लख्ख ठाऊक असते आणि वाक्य मात्र मुद्दाम मोघम केलेले असते. सहा महिन्यांत फारसे काही हाती लागलेले नसेल, तर प्रामाणिक अहवाल कसा लिहावा? हा प्रश्न शैलीचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधकाने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहून कामाची मांडणी करायची असते आणि थोडक्यात अहवाल द्यायचा असतो. प्रगती असमाधानकारक वाटली, तर समितीने कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात. ते उपाय अमलात आले नाहीत, तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही ती करू शकते. म्हणजे एकच समिती सल्लागारही असते आणि परीक्षकही. ज्याच्याकडे मदत मागायची, त्याच्याच हातात शेरा असतो. अहवालाची भाषा बिघडते ती इथे.

उदाहरण बेतलेले आहे, पण त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत. समजा, तुलनात्मक साहित्याची एक विद्यार्थिनी ‘मनोरंजन’ मासिकातल्या बंगालीवरून आलेल्या कथांचा अभ्यास करते आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये मुंबईत सुरू केलेले हे मासिक. मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगालीची त्यांना इतकी ओढ, की आडनावही त्यांनी बंगाली वळणाचे घेतले. विद्यार्थिनीने 1901 ते 1910 हा काळ निवडला. महिन्याला एक धरला तर 120 अंक होतात. सहा महिन्यांत तिला 68 पाहायला मिळाले. त्यांतल्या 19 कथांवर बंगाली आधाराचा उल्लेख होता, पण मूळ कथेचे नाव नव्हते. त्यांपैकी चार कथांची मुळे तिला सापडली.

तिच्या अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात असे वाक्य आहे: ‘मनोरंजन मासिकाच्या अंकांचा सखोल अभ्यास करण्यात आला असून बंगाली प्रभावाचे महत्त्वपूर्ण पुरावे हाती आले आहेत.’ यात धडधडीत खोटे काहीच नाही. पण ‘अंकांचा’ म्हणजे किती अंकांचा, हे गुलदस्त्यात राहते. चार कथांना ‘पुरावे’ म्हटले, की त्या चाळीस वाटू लागतात. आणि ‘करण्यात आला’ या रचनेत करणारी व्यक्तीच नाहीशी होते. सरकारी मराठीची ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याआड काय झाकले जाते हे लक्षातही येत नाही.

दुसरा खर्डा उलट टोकाचा आहे: ‘अनेक अडचणींमुळे केवळ चार कथांचीच मुळे सापडू शकली.’ हे नम्र वाटते, पण माहिती इथेही तेवढीच लपलेली आहे. उरलेल्या पंधरा कथांचे काय झाले? मराठीत ‘शोधले नाही’, ‘शोधले पण सापडले नाही’ आणि ‘नाहीच’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत. ‘केवळ चार’ या शब्दांत तिन्ही एकमेकांत मिसळून जातात.

खरी परिस्थिती अशी, की तिने ‘भारती’ या बंगाली मासिकाचे अंक पाहिले होते, ‘प्रवासी’चे अजून उघडलेही नव्हते. तेव्हा पंधरा कथांविषयी तिला एवढेच म्हणता येते, की ‘भारती’च्या पाहिलेल्या अंकांत त्यांची मुळे नाहीत. शिवाय चारपैकी एका कथेची गंमत वेगळीच निघाली. ती मूळ बंगाली कथाच इंग्रजीवरून घेतल्याचे तिच्या शीर्षकाखाली छापलेले होते. मग मराठी कथेत जो ‘बंगाली प्रभाव’ दाखवायचा, तो नेमका कोणाचा?

आणखी एक गोष्ट तिच्या टिपणवहीत होती, अहवालात नव्हती. रूपांतरकाराने गाव पुणे केले, नावे मराठी केली, तरी काही धागे बाहेर राहतात. ज्येष्ठात काही कारण नसताना जावयाला साग्रसंगीत जेवायला बोलावतात, तेव्हा मागे जामाईषष्ठी दिसते. विजयादशमीला आपट्याच्या पानांऐवजी विसर्जनाची हुरहुर येते. पण बंगाली भाईफोंटा आणि आपली भाऊबीज एकाच तिथीला येतात. तिथे सांधा असा बेमालूम जुळतो, की खूणच उरत नाही. म्हणजे ज्या कथांवर आधाराचा उल्लेख नाही, त्या केवळ अंतर्गत खुणांवरून ओळखण्याच्या पद्धतीला मर्यादा आहे. हे सहा महिन्यांतले सर्वांत मोलाचे ज्ञान. ‘निष्कर्ष’ या रकान्यात ते बसत नव्हते, म्हणून गळाले.

तिसरा खर्डा मग साधा होतो. 120 पैकी 68 अंक पाहिले. 19 कथांवर आधाराचा उल्लेख. चारांची मुळे निश्चित, त्यांतले एक पुढे इंग्रजीकडे जाते. पंधरांसाठी ‘भारती’चे उपलब्ध अंक पाहिले, ‘प्रवासी’ बाकी. खुणांच्या पद्धतीची मर्यादा अशी अशी. आणि शेवटी समितीला प्रश्न: काळ दहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणावा, की काळ तोच ठेवून फक्त उल्लेख असलेल्या कथा घ्याव्यात? कोलकात्याला जाऊन ‘प्रवासी’ पाहायचा, तर तो पुढच्या सत्रात की त्याआधी?

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याची शिष्यवृत्ती समितीच्या एका शेऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडून संतपणाची अपेक्षा का करावी? मला वाटते, करूही नये. आपली उमेद खचली होती, दोन महिने वाया गेल्यासारखे वाटले, हे सांगायला संशोधक बांधील नाही. जमेची बाजू आधी मांडण्यातही गैर काही नाही. बंधन एकच, आणि त्याची कसोटी सोपी आहे: ही गोष्ट कळली असती, तर समितीने वेगळा सल्ला दिला असता का? दिला असता, तर ती अहवालात हवी. ‘प्रवासी’ पाहिलेला नाही हे या कसोटीने आत येते, मनःस्थिती बाहेर राहते.

या कसोटीला व्यवहाराचीही बाजू आहे. फुगवलेला अहवाल पुढच्या अहवालाकडून उसना घेतलेला असतो. आज ‘महत्त्वपूर्ण पुरावे’ लिहिले, की सहा महिन्यांनी त्यांवर प्रकरण लिहून दाखवावे लागते, आणि हातात तर चारच कथा असतात.

पण हिशेब एकतर्फी नाही. 68 अंक आणि चार मुळे एवढेच वाचून जी समिती कपाळाला आठ्या घालते आणि ‘सखोल अभ्यास’ वाचून ‘समाधानकारक’ लिहून मोकळी होते, ती पुढच्या विद्यार्थ्याला पहिला खर्डा लिहायला शिकवते. नियमात कारणे नोंदवण्याची आणि उपाय सुचवण्याची तरतूद आहे. पण अडले कुठे हेच अहवालात नसेल, तर उपाय कशावर सुचवायचा? ‘प्रवासी बाकी’ या दोन शब्दांवर समितीला काहीतरी करता येते. ‘सखोल’ या शब्दावर सही करण्यापलीकडे काहीच करता येत नाही.