पाटल्या, पंधरा मिनिटं आणि एक शांत जाहिरात

काम साधं होतं. सोनेतारण कर्ज देणाऱ्या एका कंपनीची रेडिओवर वाजणारी तीस सेकंदांची जाहिरात घ्यायची आणि तिची वर्तमानपत्रासाठी पाव पानाची जाहिरात करायची. सोबत एकच सूचना होती: "शांत हवी. क्लासी हवी. रेडिओसारखी ओरडणारी नको."

मूळ स्पॉटचा सांगाडा असा होता. कंपनीचं नाव मी काढलं आहे.

(दाराची बेल)
बायको: अहो, मिनूची फी भरायची उद्या शेवटची तारीख!
नवरा: (उसासा) कुठून आणू एवढे पैसे?
शेजारीण: अहो वहिनी, सोनं कपाटात ठेवून काय करता? अमुक गोल्ड लोन आहे ना!
निवेदक: अमुक गोल्ड लोन! फक्त पंधरा मिनिटांत पैसे! शेकडा फक्त त्र्याऐंशी पैशांपासून! आजच या, अमुक गोल्ड लोन!
(धून. मग एका दमात) अटी लागू.

ही जाहिरात वाईट लिहिलेली नव्हती. तिची बांधणी कानासाठी होती. विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या. माध्यमाची अडचण तेव्हा होती तीच आजही आहे: ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. तो भाजी चिरत असतो किंवा रिक्षा चालवत असतो. म्हणून नाव तीनदा घ्यावं लागतं. म्हणून बेल वाजवून त्याचं डोकं वळवावं लागतं. मराठीत तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात आणि त्यातले निम्मे लक्ष वेधण्यातच जातात.

छापील पानावर हे काहीच लागत नाही. वाचणारा थांबू शकतो, पुन्हा वाचू शकतो, पान उलटू शकतो. त्यामुळे पहिली पायरी ठरलेली असते: आवाज जे काम करत होता ते सगळं खोडायचं. बेल, उसासा, धून, शेजारीण, उद्गारचिन्हं, नावाची दोन आवर्तनं आणि दोन्ही वेळचं 'फक्त'. खोडून झाल्यावर जे उरतं तेच खरं सांगायचं असतं. माझ्या कागदावर तीन गोष्टी उरल्या: पंधरा मिनिटं, त्र्याऐंशी पैशांपासून, अटी लागू.

इथे मी एक चूक केली, आणि हा लेख त्या चुकीबद्दल आहे. उरलेल्या तीन गोष्टी तपासण्याऐवजी मी थेट सुंदर लिहायला बसलो. तासाभरात हे झालं:

आजीने त्या पाटल्या चाळीस वर्षं जपल्या.
आज त्या नातीला कॉलेजात सोडून येतील.
संध्याकाळपर्यंत घरी.

खाली भरपूर पांढरी जागा आणि कोपऱ्यात छोटं बोधचिन्ह. मला ते फार आवडलं. आत्या घरी आली होती, तिला वाचून दाखवलं. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत? माझ्या पाटल्या परत यायला तीन वर्षं लागली रे."

तिसरी ओळ खोटी होती. दागिना कर्ज फिटल्याशिवाय परत मिळत नाही. गंमत म्हणजे हे खोटं रेडिओच्या जाहिरातीत नव्हतं. ती आरडाओरडा करत होती, घाई करत होती, पण पाटल्या संध्याकाळी घरी येतील असं तिने कुठेही म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं, कारण वाक्याला शेवटी एक हलका ठेका हवा होता. गोंगाट काढताना मी सत्यही थोडं काढलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मग प्रश्न पडला, शांत जाहिरात जास्त प्रामाणिक असते असं आपण का धरून चालतो?

मला वाटतं, ओरडणारी जाहिरात स्वतःची ओळख लपवत नाही. 'फक्त! आजच!' ऐकलं की श्रोता आतून सावध होतो, हे विकायला आलेत हे त्याला ठाऊक असतं. शांत वाक्य वाचताना ती सावधगिरी गळून पडते. आपल्याशी कुणीतरी मोठ्या माणसासारखं बोलतंय असं वाटतं. म्हणजे शांतपणामुळे लिहिणाऱ्याला वाचकाचा जास्तीचा विश्वास मिळतो, तोही आधी, काही सिद्ध न करता. त्या विश्वासाच्या आड काही झाकलं, तर ते ओरडून फसवण्यापेक्षा वाईट आहे.

शांत जाहिरात प्रामाणिक असूच शकत नाही, असा याचा अर्थ नाही. डेव्हिड ओगिल्व्हीने १९५८ मध्ये रोल्स-रॉइससाठी केलेली जाहिरात या धंद्यात सगळे शिकतात. तिच्या मथळ्यात गाडीची स्तुती नाही. ठरावीक वेगाला गाडीत सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा येतो, एवढंच आहे, आणि खाली क्रमांक घालून गाडीची माहिती. तिथला शांतपणा शैलीतून आलेला नाही. सांगण्यासारखी माहिती हातात होती, म्हणून आवाज चढवावा लागला नाही. मी उलटं केलं होतं. माहिती बाजूला ठेवून आवाज उतरवला होता.

म्हणून उरलेल्या तीन गोष्टींकडे परत गेलो आणि कंपनीकडून योजनेचा पूर्ण कागद मागवला.

आधी त्र्याऐंशी पैसे. शेकडा महिना त्र्याऐंशी पैसे म्हणजे वर्षाला ९.९६ टक्के. 'पैसे' शब्दाने दर नाण्याएवढा छोटा वाटतो, आणि बोलताना वर्षाचा हिशेब कुणी करत नाही. एक लाखावर महिन्याला ८३० रुपये. पण खरा शब्द होता 'पासून'. रेडिओवर तो इतका हलका उच्चारला जातो की ऐकूच येत नाही. कागदात त्याचा अर्थ होता: व्याज दर महिन्याला वेळेवर भरलं तरच हा दर. चुकलं तर शेकडा पावणेदोन रुपये, म्हणजे लाखाला महिना १,७५० रुपये. वर्षभराचा फरक ९,९६० विरुद्ध २१,०००. मिनूची फी भरायला ज्या घरात पैसे नव्हते, त्या घरातून एखाद्या महिन्याचं व्याज चुकण्याची शक्यता किती, हे सांगायला नको.

मग पंधरा मिनिटं. कुठून मोजायची? कागदपत्रं तपासून, सोन्याची शुद्धता आणि वजन पाहून झाल्यावर. दारात पाऊल टाकल्यापासून नाही.

आणि 'अटी लागू'. त्या दोन शब्दांत सगळ्यात मोठी गोष्ट दडली होती: कर्ज थकलं तर लिलाव.

शेवटी एका शब्दाशी अडलो. या व्यवहाराला मराठीत तीन नावं आहेत. 'गोल्ड लोन' चकचकीत आहे, त्यात कुणाच्या आजीच्या पाटल्या दिसत नाहीत. 'तारण' हा बँकेच्या फॉर्मवरचा शब्द, कानाला तारून नेणारा वाटतो. आणि 'गहाण'. हा शब्द टोचतो, कारण त्यात वस्तू हातातून गेल्याची जाणीव आहे. जाहिराती तो टाळतात. पण आत्या बोलताना दुसरा कुठलाच शब्द वापरत नाही. मी गहाण घेतला.

दुसरा मसुदा असा:

पाटल्या गहाण ठेवण्याआधी.

एक लाख रुपयांवर महिन्याचं व्याज ८३० रुपये, दर महिन्याला वेळेवर भरलंत तर. चुकलं तर १,७५०.

कागदपत्रं आणि सोनं तपासून झाल्यावर पैसे १५ मिनिटांत.

मुद्दल आणि व्याज फिटलं की पाटल्या परत.

फिटलं नाही तर लिलाव होतो. त्याआधी आम्ही तुम्हाला कळवतो.

इतकं समजून येणार असाल, तर जरूर या.

हा पहिल्याइतका देखणा नाही, पण पहिल्यापेक्षा शांत आहे असं मला वाटतं. इथे वाचकाला घाई नाही आणि लाजही नाही. रेडिओची जाहिरात चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर वाजते. दागिने गहाण ठेवायची वेळ आलेला माणूस ती खाली मान घालून ऐकतो. छापील जाहिरात तो एकटा वाचू शकतो, कापून खिशात ठेवू शकतो, घरी बसून आकडे मांडू शकतो. पाव पान जागेचा खरा उपयोग हा आहे.

कुणी म्हणेल, हे जाहिरात लिहिणाऱ्याचं काम नाही, अटी समजून घेणं ग्राहकाचं काम. हे अर्धं खरं आहे. कर्ज वाईट नसतं. सावकाराकडे जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि आत्याच्या मुलाचं शिक्षण त्याच पाटल्यांवर झालं. पण ग्राहकाने समजून घ्यावं अशी अपेक्षा असेल, तर समजण्यासारखं काही समोर ठेवावं लागतं. रेडिओ म्हणू शकतो की तीस सेकंदांत जमलं नाही. पाव पानाला ती सबब नाही. तिथे पांढरी जागा सोडली आणि १,७५० चा आकडा गाळला, तर तो जागेचा प्रश्न राहत नाही.

कंपनीने मसुदा बराचसा स्वीकारला. १,७५० राहिला. 'गहाण' जाऊन 'तारण' आलं. लिलावाची ओळ काढली: "निगेटिव्ह वाटतं." मी एकदा विरोध केला, दुसऱ्यांदा नाही. बिल घेतलं.

जाहिरात तिसऱ्या पानावर आली, सुबक, भोवती मोकळी जागा. त्याच अंकात आत नवव्या पानावर दुसऱ्याच एका वित्त कंपनीची जाहीर सूचना होती. थकलेल्या कर्जाचं सोनं लिलावात काढण्याआधी बिगर-बँकिंग कंपन्यांना निदान दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत कर्जखात्यांचे क्रमांक, एकाखाली एक. पांढरी जागा कुठेच नव्हती.

आत्याने दोन्ही पानं पाहिली. माझी जाहिरात छान आहे म्हणाली. मग नववं पान उघडून, चष्मा पुसून, ती क्रमांक वाचत बसली. तिच्या ओळखीचं त्यात कुणी नव्हतं आणि क्रमांकावरून कळलंही नसतं. तरी तिने शेवटपर्यंत वाचले.