पाच तारखेचं भाडं

शांत बसा. समोर वही आणि बँकेचं पासबुक ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत किती कमवाल, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला राहू द्या. आज खात्यात किती रक्कम आहे, एवढंच लिहा.

समजा, तुम्ही कोथरूडमध्ये राहता, भाषांतरं करता, आणि आज 1 जानेवारी आहे. खात्यात 62,000 रुपये आहेत.

आता घराकडे या. खर्चाची बेरीज करू नका, फक्त तारखा लिहा. घरभाडं 22,000, दर महिन्याच्या 5 तारखेला. महावितरणचं बिल, फोन, मुलाची शाळा आणि व्हॅन मिळून 11,000, 10 तारखेला. किराणा, दूध, भाजी पंधरवड्याला 7,500, एकदा 15 तारखेला आणि एकदा महिनाअखेर. मार्चमध्ये 12 तारखेला आरोग्यविम्याचा हप्ता, 18,000. वर्षातून एकदाच येणारा खर्च हमखास निसटतो, म्हणून गेल्या वर्षीचं जानेवारी ते मार्चचं पासबुक एकदा ओळीनं वाचून काढा.

मग येणी. इथे जरा थांबा, कारण मन घाईनं बिलाची तारीख लिहून मोकळं होतं. हिंजवडीतल्या एका कंपनीला तुम्ही 20 डिसेंबरला 90,000 चं बिल दिलंय. त्यांची मागची तीन-चार बिलं काढा आणि प्रत्येकासमोर पैसे जमा झाल्याची तारीख लिहा. बिलावर 45 दिवस छापलेले असले तरी पैसे दोन महिने उलटल्यावर येतात, असं दिसेल. म्हणून 25 फेब्रुवारी लिहा. रक्कमही 90,000 नाही. दहा टक्के टीडीएस कापून 81,000 हाती येतील. कापलेले 9,000 बुडाले नाहीत, पण कर लागत नसेल तर ते विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतील. या तीन महिन्यांच्या पानावर त्यांना जागा नाही.

दुसरं येणं दरमहा 25,000 चं. कपात होऊन 22,500 दर 7 तारखेला न चुकता येतात. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकाकडे 40,000 अडकलेत. ते ‘मार्चअखेर बघू’ म्हणतात, तर ती रक्कम एप्रिलमध्ये लिहा. हा निर्णय मनाला जड जातो. तरीही लिहा.

आता तारखेमागून तारीख सरका, प्रत्येक वेळी शिल्लक मांडा. जानेवारी संपतो तेव्हा 36,500. 5 फेब्रुवारीला भाडं गेल्यावर 14,500. 15 फेब्रुवारीनंतर 18,500. 25 ला कंपनीचे पैसे येतात, आणि महिना 92,000 वर संपतो. सगळं ठीक दिसतं.

याच पानावर दुसरा रकाना आखा. त्यात कंपनीचे पैसे फक्त दोन आठवडे पुढे, 11 मार्चला ढकला. फेब्रुवारीअखेर शिल्लक 11,000. 5 मार्चला भाडं 22,000. खातं 11,000 नं उणे. 7 तारखेला 22,500 येतात आणि खड्डा भरतो. मार्चची एकूण बेरीज पाहणाऱ्याला हे दोन दिवस कधीच दिसणार नाहीत. महिनावार अंदाज मला म्हणूनच अपुरा वाटतो. फ्रीलान्सरची अडचण महिन्याच्या एकूण रकमेत नसते, ती दोन तारखांच्या मधे असते.

त्या दोन दिवसांकडे थोडा वेळ पाहत राहा. आज जानेवारी आहे, हातात दोन महिने आहेत. मार्चचं भाडं 8 तारखेला दिलं तर चालेल का, हे घरमालकांना आज विचारणं सोपं आहे. 4 मार्चला विचारणं अवघड. फेब्रुवारीत नवं काम घेताना निम्मे पैसे आगाऊ मागा. पैसे 12 मार्चच्याही पुढे गेले, तर मात्र विम्याच्या हप्त्यापाशी 17,500 कमी पडतील. त्याला भाड्याची सवलत पुरणार नाही.

कंपनीशी बोलायलाही आधार आहे. काम घेण्याआधीच तुमची उद्यम नोंदणी झाली असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. त्यातून 1 एप्रिल 2023 पासूनच्या खर्चाला लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदतीबाहेर थकवलेली रक्कम पैसे देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून वजा करता येत नाही. मार्चजवळ हिशेब विभागाला हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून 45 दिवस उलटताच, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, उद्यम क्रमांकासह साधं पत्र पाठवा. कायद्याच्या भरवशावर पानावरची तारीख मात्र अलीकडे आणू नका.

दर सोमवारी पान उघडा. लिहिलेल्या तारखेशेजारी पैसे खरोखर आले ती तारीख लिहा. एखादा ग्राहक सलग तीनदा तुमच्या अंदाजापेक्षा दहा दिवस उशिरा देत असेल, तर पुढच्या प्रत्येक बिलाला ते दहा दिवस जोडा, आणि त्याच सोमवारी मार्चच्या पुढे एप्रिलचा पहिला आठवडा मांडा.