दर एकवीस दिवसांनी

ठाण्याच्या कोपरीत राहणाऱ्या एका निवृत्त कंपाउंडरकाकांकडे मुरबाडकडच्या खेड्यातलं कुटुंब आलं. पिशवीत कित्येक वर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या कुटुंबातल्या काकूंना दम लागत होता आणि डॉक्टरांनी जुने कागद मागितले होते.

काकांनी आधी माणसागणिक गठ्ठे केले, मग तारखेनं लावले. तारीख पुसली असेल, तर दवाखान्याचा फोन सात आकडी की आठ आकडी ते पाहून चिठ्ठी आधीची की नंतरची ते ठरवलं. ही युक्ती मला फार आवडली. काकूंच्या गठ्ठ्यात एकच इंजेक्शन सारखं दिसत होतं: बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी.

“लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?”

“हो. लग्नानंतर सुई बंदच झाली.”

तो ताप पुन्हापुन्हा आला, तर हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. म्हणून ही सुई वर्षानुवर्षं घ्यावी लागते. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. काकांनी पहिली सुई, शेवटची सुई आणि मधला खंड एका कागदावर लिहिला, मागे मूळ चिठ्ठ्या टाचल्या.

“डॉक्टर टूडी इको सांगतील, टाळू नका. आणि सुई आपल्या मनानं सुरू करू नका.”