अर्ध्या उंचीचा दोरा

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून येणारा आणि केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मिळतो. ढाब्यांपुढे रात्रंदिवस ट्रक उभे असतात. दसरा सरला की बीड जिल्ह्यातली कोयत्यावरची जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात. दिवसाचे दहा-बारा तास स्टेअरिंगमागे बसणारा ड्रायव्हर आणि डोक्यावर मोळी घेऊन शिडीने गाडीवर चढणारी बाई, एवढे वेगळे जगणारे हे दोन देह आरोग्याच्या तक्त्यात मात्र एकाच आकड्यावर येऊ शकतात.

तो आकडा म्हणजे बीएमआय. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे सांख्यिकीतज्ज्ञ केतले यांनी हे सूत्र माणसांच्या समूहाचा अभ्यास करताना मांडले आणि 1972 साली अमेरिकेतल्या अँसल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. एका माणसाच्या शरीरात चरबी कुठे साठली आहे हे सांगायला ते बनलेलेच नव्हते. वजनकाट्याला स्नायू, हाड, पाणी आणि चरबी सारखीच.

यातली फट सर्वांत स्पष्ट दाखवली ती पुण्यात. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचे फोटो आणि आकडे शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. त्याआधी, 1993 पासून, पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. इथली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूप हलकी होती, पण तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू कमी पडले होते, पोटातले अवयव लहान राहिले होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत होती. म्हणजे आपल्याकडे काडीसारखा दिसणारा माणूसही आतून चरबीचा असू शकतो, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच झालेली असते.

चरबी किती यापेक्षा ती कुठे, हा प्रश्न मोठा आहे. त्वचेखाली साठलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. तिथली जागा अपुरी पडली की ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात शिरते. आतड्यांकडचे रक्त थेट यकृतात जात असल्याने तिथे सुटणारी स्निग्धाम्ले आधी यकृतावर आदळतात, इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो आणि साखर व रक्तदाब दोन्ही वाढू लागतात. हे बाहेरून ओळखायला सर्वांत स्वस्त खूण म्हणजे पोटाचा घेर.

आशाताईंच्या हाती ही खूण आधीच दिलेली आहे. तिशी ओलांडलेल्यांसाठी त्या जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात घेराचा रकाना असतो. बाईचा घेर 80 सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाचा 90 पर्यंत असेल तर शून्य गुण, त्यापुढे एक, आणखी पुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीसाठी आधी नंबर. माझा आक्षेप आहे तो इथे. टेप बरोबर आहे, पण सगळ्या बायकांना एकच 80 कसा लागू पडेल?

समजा ऊसतोडीची बाई 146 सेंटिमीटर उंच आणि 48 किलो वजनाची आहे. बीएमआय येतो 22.5, म्हणजे भारतीयांसाठी धरलेल्या 23 च्या रेषेखाली. घेर 79, म्हणून फॉर्मवरही शून्य. दोन्ही हिशेबांत ती सुटली. पण तिच्या उंचीचे निम्मे होतात 73, आणि घेर त्याच्या सहा सेंटिमीटर पुढे आहे. घेराला उंचीने भागले तर 0.54. ब्रिटनमधल्या मार्गारेट अ‍ॅशवेल यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेला नियम एवढाच आहे की घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने 2022 मध्ये तो मार्गदर्शक सूचनांत घेतला: 0.5 पासून धोका वाढलेला, 0.6 पासून जास्त. बाई आणि पुरुष, दोघांना रेषा एकच.

ड्रायव्हरचे उदाहरण घ्या. उंची 168, वजन 66, बीएमआय 23.4. डॉक्टर म्हणतील, किंचित जास्त आहे. घेर 95 असेल तर गुणोत्तर 0.57 जवळ जाते आणि चित्र बदलते. त्याला मात्र ते पटत नाही, कारण वर्षानुवर्षे तो 34 इंचाचीच पँट घालतो. पँट पोटाखाली उतरत जाते. कमरेचा करदोडाही तसाच खाली घसरतो आणि ढिलाच राहतो. पोट वाढत असते त्याच्या वर.

म्हणून मोजायचे कुठे ते महत्त्वाचे. बाजूला बोटे लावून शेवटची बरगडी शोधायची, खाली खुब्याच्या हाडाची वरची कड शोधायची आणि दोहोंच्या मधोमध टेप न्यायची. सरळ उभे राहायचे, श्वास सहज सोडायचा आणि त्या क्षणी वाचायचे. टेप जमिनीला समांतर हवी, टेकलेली हवी, रुतलेली नको. साडीच्या निऱ्या आणि परकराची गाठ यांवरून मोजले की तीन-चार सेंटिमीटर सहज वाढतात. मोजताना पोट आत ओढले की तेवढेच कमी होतात. टेप नसेल तर उंचीएवढा न ताणणारा दोरा घेऊन निम्मा करायचा आणि त्याच जागी गुंडाळायचा. टोके भेटली नाहीत तर घेर निम्म्याच्या पुढे गेला.

व्यायाम सुरू केलेल्याने काट्याऐवजी हाच दोरा धरावा असे मला वाटते. चालू लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत बऱ्याचदा वजन जागचे हलत नाही, घेर मात्र दोन-तीन सेंटिमीटर उतरलेला असू शकतो. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, दोनदा मोजून मधला आकडा लिहावा. एका सेंटिमीटरचा फरक मोजण्यातल्या चुकीइतकाच असतो, त्यावर आनंद किंवा दुःख करू नये.

या मापालाही मर्यादा आहेत. उंचीच्या प्रमाणात घेर तंतोतंत वाढत नाही, त्यामुळे खूप बुटक्या माणसांवर 0.5 ची रेषा जरा कडक पडते. आमच्या 146 सेंटिमीटरच्या बाईला ती आजारी ठरवत नाही, फक्त साखर आणि रक्तदाब तपासायला पुढे बोलावते. गरोदर बाईला किंवा पोटात पाणी झालेल्याला हे माप लावायचेच नाही.

आणि बीएमआय फेकून द्यायचा नाही. फडावरून परतलेल्या कित्येक बाया हडकलेल्या असतात. त्यांचा अशक्तपणा घेर सांगत नाही, 18.5 च्या खाली गेलेला बीएमआय सांगतो. म्हणून फॉर्ममध्ये घेराशेजारी उंचीचा आणि वजनाचा रकाना हवा. उंची प्रौढाची एकदाच मोजावी लागते आणि तिचे निम्मे कार्डावर पेनाने लिहून ठेवता येते. आशाताईंना मग दर खेपेला फक्त टेप त्या आकड्याशी ताडून पाहायची आहे.