एका जादा ‘ए’ची किंमत

गेल्या महिन्यात माझी मावसबहीण एक कागद घेऊन घरी आली. तिच्या मुलीला इंजिनिअरिंग होऊन दीड वर्ष झालं, तरी नोकरी लागत नव्हती. कुणीतरी अंकशास्त्र्याचं नाव सुचवलं, त्यांनी फी घेऊन नावाची बेरीज केली आणि स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवायला सांगितला. बहिणीच्या चेहऱ्यावर श्रद्धेपेक्षा थकवाच जास्त दिसत होता. अशा माणसाला ‘हा सगळा मूर्खपणा आहे’ असं सांगणं सोपं असतं. पण त्याने काही साधत नाही, उलट माणूस दुखावतो. म्हणून आम्ही दोघी तो कागद पुढ्यात घेऊन बसलो.

मुलीचं नाव इथे स्नेहल धरू. खरं नाव वेगळं आहे. Snehal या स्पेलिंगला त्या अंकशास्त्र्यांनी ‘खाल्डियन’ कोष्टक लावलं होतं. त्यात एसला 3, एन, ई आणि एच यांना प्रत्येकी 5, एला 1, एलला 3. बेरीज 22, आणि 2 अधिक 2 म्हणजे 4. चार हा राहूचा अंक, म्हणून अडथळे. उपाय असा, की Snehaal लिहायचं. बेरीज 23, म्हणजे 5, बुधाचा अंक. या पद्धतीत 23 हा आकडा फार शुभ मानतात.

आता तेच नाव दुसऱ्या, तितक्याच प्रचलित असलेल्या ‘पायथागोरियन’ कोष्टकात घालू. त्यात अक्षरांना ओळीने 1 ते 9 अंक देतात आणि नऊनंतर पुन्हा एकपासून सुरुवात करतात. एस 1, एन 5, ई 5, एच 8, ए 1, एल 3. बेरीज 23! म्हणजे जो आकडा मिळवण्यासाठी नाव बदलायचं होतं, तो या कोष्टकात मूळ नावाचाच आहे. आणि सुचवलेला जादा ‘ए’ घातला की तो मोडून 24 होतो. एक अंकशास्त्री ज्याला रोग म्हणतो, त्यालाच दुसरा आरोग्य म्हणेल. दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवायला अंकशास्त्राच्या आत कोणतीही कसोटी नाही. बहीण इथे पहिल्यांदा थांबली. तिने स्वतः पेन्सिल घेऊन दोन्ही बेरजा पुन्हा केल्या.

कोष्टकाची निवड ही एकच मोकळीक नाही. बेरीज फक्त नावाची करायची, की आडनावासह? वडिलांचं नाव धरायचं का? लग्नानंतर बदललेलं आडनाव धरायचं का? जन्मतारखेचा नुसता दिवस घ्यायचा, की दिवस, महिना, वर्ष सगळं मिळवायचं? प्रत्येक प्रश्नाला दोनतीन उत्तरं चालतात. इतक्या वाटा उपलब्ध असल्या की कुठल्याही नावात दोष सापडतो आणि कुठल्याही दोषावर उपाय सापडतो. ज्या पद्धतीला ‘तुमच्या नावात काही बदलायची गरज नाही’ असं म्हणणं भाग पडत नाही, तिचा निष्कर्ष आपण पुरावा म्हणून धरू शकत नाही.

खाल्डियन पद्धत म्हणजे प्राचीन बॅबिलोनची विद्या, हा दावाही तपासून पाहायला हवा. आज आपल्याकडे चालणाऱ्या खाल्डियन कोष्टकाचा प्रसार मुख्यतः कीरो या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका आयरिश भविष्यवेत्त्याच्या पुस्तकांतून झाला. तो 1936 साली वारला. प्राचीन बॅबिलोनमध्ये लोक मातीच्या पाट्यांवर कीलाकार लिपीत लिहीत. त्यांच्याकडे इंग्रजीची 26 अक्षरं नव्हती. इंग्रजीत जे आणि यू ही अक्षरं आय आणि व्हीपासून नीट वेगळी झाली तीही गेल्या चारेकशे वर्षांतली गोष्ट. आणि स्नेहलचं नाव तर मराठी आहे. बारशाला कानात सांगितलं ते ‘स्नेहल’, रोमन अक्षरं नव्हेत. आई हाक मारते त्या नावाची बेरीज होत नाही. बेरीज होते ती शाळेच्या कारकुनाने ज्या अक्षरांत ते उतरवलं त्यांची.

जन्मतारखेचंही तसंच. महाराष्ट्रात आजच्या म्हाताऱ्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, म्हणून गुरुजी 1 जून लिहून टाकत. त्या सगळ्यांचा मूलांक एक ठरतो. त्यांच्यात शेतमजूर आहेत, बागायतदार आहेत, शिक्षक आहेत, कर्जबाजारी झालेलेही आहेत.

‘पण अनेकांना गुण येतो,’ बहीण म्हणाली. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. माणूस अशा सल्ल्याला जातो तो सर्वांत वाईट काळात. त्या तळातून पुढे बरेचदा थोडी सुधारणा आपोआप होतेच. शिवाय त्याच काळात तो अर्ज करत असतो, मुलाखती देत असतो. यश आलं तर श्रेय नव्या स्पेलिंगला मिळतं. नाही आलं तर ‘आधारवर जुनंच नाव आहे’, ‘सही मनापासून केली नाही’ अशी कारणं निघतात. नाव बदलूनही काही झालं नाही, असे लोक ते कुणाला सांगत बसत नाहीत. आपल्या कानावर येतात ती फक्त यशाची उदाहरणं.

खरी तपासणी कशी असते, याचा नमुना आपल्या पुण्यातच आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या आणि कुठली कुणाची, ते ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण साधारण 46 टक्के आलं. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आलीच असती. ही चाचणी कुंडल्यांची होती, नावांची नव्हे. पण पद्धत तीच लावता येते. आधी उत्तर झाकायचं, मग ओळखायला सांगायचं, आणि चुकाही मोजायच्या. अंकशास्त्राच्या बाजूने दावा करणाऱ्याने अशी परीक्षा देऊन दाखवावी, ही अपेक्षा रास्त आहे.

घरच्या घरीही थोडं करता येतं. तेच नाव, तीच तारीख तीन अंकशास्त्र्यांकडे स्वतंत्रपणे द्यावी, अडचण सांगू नये, आणि तिघांचे सल्ले जुळतात का ते पाहावं. सल्ला स्वीकारायचाच असेल, तर आधी कागदावर तारखेसह लिहून ठेवावं, की किती महिन्यांत नेमकं काय घडायला हवं आणि नाही घडलं तर आपण काय समजणार. मग खर्चाचा रकाना. राजपत्रात जाहिरात, आधार, पॅन, बँक, पदवी. एकाही ठिकाणी एक ‘ए’ राहून गेला, की पॅन आणि आधार जुळत नाहीत, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं जुनं नाव दाखवताना दर वेळी खुलासा द्यावा लागतो. नोकरी शोधणाऱ्या मुलीवर हा खरा, मोजता येणारा अडथळा लादला जातो, आणि तोही काल्पनिक अडथळा दूर करण्यासाठी.

स्वतःच्या आवडीने किंवा उच्चार नीट व्हावा म्हणून कुणी स्पेलिंग बदललं, तर त्याला माझा विरोध नाही. इथे तर उच्चारही बिघडतो; Snehaal पाहून परका माणूस ‘स्नेहाल’ म्हणेल. माझा विरोध आहे तो भीती दाखवून बदल करायला लावण्याला. दीड वर्ष नकार पचवलेल्या मुलीला ‘दोष तुझ्या नावातच आहे’ असं सांगणं क्रूर आहे.

शेवटी भाचीलाच बोलावलं. तिने आतापर्यंतच्या मुलाखतींची यादी केली. अकरांपैकी आठ ठिकाणी ती पहिल्या लेखी फेरीतच अडकली होती, गणिती तर्काच्या प्रश्नांवर. यादी पाहून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘मावशी, हे तर मला सुधारता येईल.’ बहिणीने तो बेरजेचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. पण राजपत्राचा अर्ज तिने भरलेला नाही.