ओळखीच्याच माणसाची दुसरी रिक्वेस्ट

फेसबुकवर फ्रेंड रिक्वेस्ट आली की नजर आधी फोटोवर जाते आणि मग त्याखालच्या ‘२६ म्युच्युअल फ्रेंड्स’वर. एवढ्या जणांनी घेतलंय म्हणजे खराच असणार, असं म्हणत आपण ‘कन्फर्म’ दाबून मोकळे होतो. त्या सव्वीस जणांनीही बहुधा असंच केलेलं असतं. पहिल्या दोघा-तिघांनी घाईत हो म्हटलं, त्यांना पाहून पुढच्यांनी. खात्री कुणीच केलेली नाही, पण सत्ताविसाव्यासमोर सव्वीस साक्षीदार हात वर करून उभे! आपण दाबलेलं ‘कन्फर्म’ ही पुढच्या माणसापुढे दिलेली साक्ष असते, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

समजा, तुमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक कित्येक वर्षं तुमच्या यादीत आहेत आणि आज त्यांचीच रिक्वेस्ट पुन्हा आली. आधीपासून मित्र असलेल्या खात्यावरून परत रिक्वेस्ट येत नाही. म्हणून सगळ्यात आधी आपल्या फ्रेंड्सच्या यादीत सरांचं नाव शोधावं. जुनं खातं तिथे असेल, तर ही रिक्वेस्ट दुसऱ्या खात्याची आहे, एवढं नक्की.

मग दोन्ही प्रोफाइल पाहावीत. जुन्यात स्नेहसंमेलनाचे फोटो, नातवाचं बारसं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि प्रत्येकाला सरांनी दिलेलं ‘आभारी आहे’ असतं. नव्यात तोच प्रोफाइल फोटो, तोच कव्हर फोटो आणि वर चार-दोन चित्रं. तारखांवर फार विसंबू नये, कारण फेसबुकवर पोस्टला मागची तारीख देता येते. त्यापेक्षा फोटोखाली कोण काय बोललंय ते पाहावं. तीन वर्षांपूर्वीचा म्हणून दाखवलेला फोटो आणि त्याखाली सरांच्या एकाही विद्यार्थ्याचा शब्द नाही, हे खटकायला हवं. नव्या प्रोफाइलच्या पत्त्यात profile.php?id= आणि पुढे लांबलचक आकडा दिसला म्हणून मात्र ते खोटं ठरत नाही; कितीतरी खऱ्या खात्यांचा पत्ता तसाच असतो.

एवढं पाहूनही हाती येतो तो संशयच. सत्तरीतला माणूस पासवर्ड विसरतो, सिम बदलतो, मग नातू नवं खातं उघडून देतो आणि आजोबांचा जुनाच फोटो लावतो. हे खरं नवं खातं आणि भामट्याने उघडलेलं खातं पहिल्या आठवड्यात अगदी सारखं दिसतं. निकाल सरच देऊ शकतात. त्यासाठी आपल्या फोनमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावायचा. नव्या खात्यालाच मेसेंजरवर ‘सर, तुम्हीच ना?’ विचारण्यात काय हशील? तिकडून ‘हो’च येणार. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप नंबरची मागणी येते आणि मग ती ठरलेली कहाणी: माझे एक स्नेही सीआरपीएफमध्ये आहेत, बदली झालीय, घरातलं फर्निचर अगदी स्वस्तात काढतायत, थोडा अ‍ॅडव्हान्स पाठवा. सरांचा शब्द कोण मोडणार?

फोनवर सर बहुतेक म्हणतील, ‘अरे, माझं खातं हॅक झालं वाटतं, पासवर्ड बदलतो.’ बदलायला हरकत नाही, पण त्याने हे थांबत नाही. त्यांच्या खात्यात कुणी शिरलेलंच नसतं. सगळ्यांना दिसणारा फोटो उचलला आणि उघडी असलेली मित्रयादी वाचली, इतकंच. सर स्वतःचं नाव शोधतील आणि ‘मला तर काही दिसत नाही’ म्हणतील, कारण भामटा खऱ्या माणसाला बहुधा आधीच ब्लॉक करून ठेवतो. म्हणून तक्रारीचं काम आपल्याकडे येतं. नव्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून रिपोर्ट करायचं, ‘दुसऱ्याची बतावणी’ या अर्थाचा पर्याय निवडायचा आणि विचारल्यावर सरांचं खरं खातं दाखवायचं. सरांना स्क्रीनशॉट पाठवावा आणि मित्रयादी ‘ओन्ली मी’वर ठेवायला सांगावं.

मला खरी खंत वाटते ती फोनच्या आधी होणाऱ्या गोष्टीची. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी ‘सरांचं अकाउंट हॅक, पैसे देऊ नका’ असं टाकून मोकळा होतो. खातं नातवाने उघडलेलं निघालं, तर भल्या माणसाला विनाकारण खुलासे देत बसावं लागतं. खोटं निघालं तरी सरांच्या कानावर ती गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून जाते, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून ते आठवडाभर ओशाळलेले राहतात. दोन मिनिटांचा फोन आधी केला असता, तर ग्रुपवरचा निरोप त्यांच्याच शब्दांत गेला असता.

खातं खोटं असल्याचं सरांनी सांगितलं की ते सव्वीस म्युच्युअल फ्रेंड्स उपयोगी पडतात. कुणाकुणाला कळवायचं, याची यादीच खोट्या प्रोफाइलवर तयार असते. त्यांना एकेकट्याला कळवावं आणि पैसे गेलेत का, हेही न लाजवता विचारावं. गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्यांनी लगेच फोन करायला हवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधीच ती अडवता येण्याची शक्यता जास्त असते.